ज्या कँडलच्या वेळी आपण जागे नसतो, ती आपली नव्हे

दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरमधली गोष्ट. न्यू जर्सीत घड्याळं एक तास मागे गेली होती, त्यामुळे मुंबईचा शेअरबाजार आमच्याकडे रात्री पावणेअकराला उघडत होता. घरातले सगळे झोपले की मी लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसायचो. पडद्यावर पंधरा मिनिटांचा कँडलस्टिक आलेख. रात्री १२ वाजून ३८ मिनिटांनी मला एक सुंदर 'हातोडा' दिसला. भाव ६०४ वर उघडून ५९६ पर्यंत कोसळला होता आणि परत ६०३.५० वर आला होता. खाली लांब शेपटी, वर लहानसं अंग. पुस्तकात असतो तसाच. मी १०० शेअर घेतले.

ती कँडल पूर्ण व्हायला अजून सात मिनिटं होती. पावणेएकला ती बंद झाली तेव्हा भाव ५९७ होता, म्हणजे हातोडा कुठेच नव्हता, एक मोठी लाल कँडल होती. ते बघायला मात्र मी जागा नव्हतो, खुर्चीतच डोळा लागला होता. पहाटे पाचला बाजार ५८९ वर बंद झाला. तोटा साडेचौदाशे रुपये, म्हणजे फार मोठा नाही. खरा भुर्दंड दुसऱ्या दिवशी पडला. प्रयोगशाळेत झोपाळलेल्या डोळ्यांनी मी एका नमुन्याचं विरलन चुकीचं नोंदवलं आणि दोन सहकाऱ्यांचं दिवसभराचं काम वाया गेलं.

तेव्हापासून माझं एक मत झालं आहे. आलेख कोणत्या प्रकारचा घ्यावा यावर आपण बराच काथ्याकूट करतो, पण त्याची टाइमफ्रेम बाजाराच्या नव्हे तर आपल्या घड्याळावरून ठरायला हवी. हे मत पटण्यासाठी आधी आलेख काय सांगतो आणि काय लपवतो ते बघू.

चार आकडे, तीन चित्रं

कुठल्याही कालखंडात, मग तो दिवस असो की पाच मिनिटं, हजारो सौदे होतात. त्यांतले आपण चारच आकडे ठेवतो: उघडण्याचा भाव, सर्वांत वरचा, सर्वांत खालचा आणि बंद होतानाचा. बाकी सगळं टाकून देतो.

रेषालेख त्या चारांतला एकच आकडा घेतो, बंद भाव. रोजचे बंद भाव बिंदूंनी मांडायचे आणि जोडायचे. बार आलेख चारही घेतो. नीचांकापासून उच्चांकापर्यंत एक उभी रेघ, डावीकडे उघडण्याच्या भावाची छोटी आडवी खूण आणि उजवीकडे बंद भावाची. शाळेतला स्तंभालेख तो हा नव्हे, फक्त नाव सारखं. कँडलस्टिक आलेखातही तेच चार आकडे असतात. फरक इतकाच की उघडण्याचा आणि बंद होण्याचा भाव यांमधला भाग जाड करून रंगवतात, आणि वरखाली उरलेल्या रेघा मेणबत्तीच्या वातीसारख्या दिसतात. ही पद्धत जपानची. पाश्चात्त्य वाचकांपर्यंत ती मुख्यतः स्टीव्ह निसन यांच्या १९९१ च्या पुस्तकामुळे पोचली.

म्हणजे बार आणि कँडल यांत माहितीचा कणभरही फरक नाही. फरक आपल्या डोळ्यांसाठी आहे, आणि तिथेच एक खोच आहे. समजा काल भाव ५०० वर बंद झाला, आज ४८० वर उघडला आणि ४८८ वर बंद झाला. आजची कँडल हिरवी, कारण बंद भाव उघडण्याच्या भावापेक्षा वर आहे. पण ज्याच्याकडे तो शेअर कालपासून आहे त्याचे बारा रुपये गेले. हिरवं दिसलं की बरं वाटतं, पण रंग आजची आजशी तुलना करतो, कालशी नाही. त्यात भर म्हणजे जपान आणि चीनमध्ये वाढीला लाल रंग वापरतात. मला स्वतःला रंगाची भूल पडते आहे असं वाटलं की मी आठवडाभर बार आलेख लावतो. बारला रंगीत अंग नाही, त्यामुळे खुणा वाचाव्याच लागतात.

रेषालेखाला काही लोक बाळबोध समजतात. मला ते पटत नाही. दहा-वीस वर्षांचा पल्ला बघायचा असेल किंवा दोन-तीन गोष्टींची एकाच चित्रात तुलना करायची असेल तर रेषाच हवी, तिथे कँडलींची नुसती झाडी होते. म्युच्युअल फंडाला तर दिवसातून एकच एनएव्ही असते. एका आकड्यातून चार आकडे येणार कुठून? तिथे रेषेशिवाय पर्यायच नाही.

पण जिथे स्टॉप लॉस लावायचा आहे, तिथे रेषा फसवते. एक उदाहरण घेऊ आणि तेच शेवटपर्यंत वापरू. एक शेअर सोमवारी ४९९ वर बंद झाला. मंगळवारी ५०० वर उघडला, ५१२ पर्यंत चढला, ४८८ पर्यंत उतरला आणि ५०३ वर बंद झाला. रेषालेखात दिसेल की चार रुपयांनी वाढला, शांत दिवस. प्रत्यक्षात तो चोवीस रुपयांच्या पट्ट्यात फिरला होता, आणि कुणी ४९० ला स्टॉप लावला असता तर तो उडाला असता. कँडल हे दाखवते.

तरी कँडलही एक गोष्ट सांगत नाही: आधी ५१२ झाले की आधी ४८८? सकाळी चढून दुपारी कोसळलेला दिवस आणि सकाळी कोसळून दुपारी चढलेला दिवस, दोघांची कँडल हुबेहूब सारखी असू शकते. तो क्रम कळायचा तर लहान टाइमफ्रेमच हवी. पाच मिनिटांच्या तीन कँडली जोडून पंधरा मिनिटांची एक करता येते: पहिलीचा उघडण्याचा भाव, तिघींतला उच्चांक, तिघींतला नीचांक, शेवटचीचा बंद भाव. उलट मात्र जाता येत नाही. दुधाचं दही होतं, दह्याचं दूध होत नाही.

मग सर्वांत लहान टाइमफ्रेम का नको?

इथेच आपल्यातले बरेच जण घसरतात, मीही घसरलो. जास्त माहिती म्हणजे जास्त चांगलं, असं वाटतं. पण माहिती आली की तिच्यावर निर्णयही घ्यावा लागतो, आणि त्या निर्णयाची एक वेळ असते.

कँडल बंद होईपर्यंत तिचा आकार कच्चा असतो. उघडण्याचा भाव तेवढा पक्का. उच्चांक आणखी वर जाऊ शकतो, नीचांक आणखी खाली, आणि 'बंद भाव' म्हणून जो दिसतो तो फक्त या क्षणीचा भाव असतो. माझा हातोडा हा असा अर्धवट होता. एखादी कँडल वाचायची तर ती बंद होण्याच्या क्षणी किंवा त्यानंतर, पुढची फार सरकायच्या आत वाचली पाहिजे. पंधरा मिनिटांची कँडल वापरणाऱ्याला दर पंधरा मिनिटांनी हजर राहावं लागतं, पाच मिनिटांची वापरणाऱ्याला दर पाच मिनिटांनी. मुंबईचा बाजार सव्वानऊ ते साडेतीन, म्हणजे ३७५ मिनिटं चालतो. त्यात पाच मिनिटांच्या ७५ कँडली होतात आणि पंधरा मिनिटांच्या २५. त्यांतल्या दोनच बघितल्या तर आपण पाच मिनिटांचा आलेख वापरतो असं म्हणण्यात अर्थ नाही. दिवसातून एकदाच बघणाऱ्याची टाइमफ्रेम दैनिकच असते, पडद्यावर काहीही लिहिलेलं असो.

आता गोंगाटाकडे येऊ. भावाची हालचाल साधारण यादृच्छिक धरली तर तिचा पसारा वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. आपल्या ५०० रुपयांच्या शेअरचा दिवसाचा नेहमीचा हेलकावा दीड टक्का, म्हणजे साडेसात रुपये धरा. दिवसात ७५ कँडली आहेत आणि ७५ चं वर्गमूळ सुमारे ८.६६. म्हणून पाच मिनिटांचा नेहमीचा हेलकावा साडेसात भागिले ८.६६, म्हणजे सुमारे ८७ पैसे. आठवड्याचा, पाच दिवसांच्या वर्गमुळाने गुणून, सुमारे १७ रुपये.

खर्च मात्र वेळेबरोबर लहान होत नाही. डिलिव्हरीच्या सौद्यावर घेताना ०.१ टक्का आणि विकताना ०.१ टक्का एवढा एसटीटी लागतो. ५०० च्या शेअरवर हाच एक रुपया झाला, दलाली आणि इतर आकार वेगळे. म्हणजे ८७ पैशांच्या हालचालीमागे धावायला रुपयापेक्षा जास्त भाडं, आणि सतरा रुपयांच्या हालचालीलाही तेवढंच.

हे गणित ढोबळ आहे. बाजार उघडताना आणि बंद होताना हालचाल जास्त असते, दुपारी कमी. दिवसाच्या हेलकाव्याचा काही भाग तर रात्रीच्या खंडातच उरकतो आणि सकाळी भाव उडी मारून उघडतो, त्यामुळे मधल्या पाच मिनिटांच्या वाट्याला ८७ पैशांपेक्षाही कमीच येतं. दिशा तीच राहते: जितकी लहान टाइमफ्रेम, तितका खर्च आणि गोंगाट यांचा वाटा मोठा. इंट्राडेला एसटीटी कमी लागतो, तरी सेबीने जुलै २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार रोख बाजारात इंट्राडे करणाऱ्या दर दहा व्यक्तींपैकी सात जण २०२२-२३ मध्ये तोट्यात होते. वर्षाला ५०० हून अधिक सौदे करणाऱ्यांत तर दहापैकी आठ.

आपल्यासारख्यांना यात आणखी एक बंधन आहे. अनिवासी भारतीयाला भारतीय शेअर त्याच दिवशी घेऊन त्याच दिवशी विकता येत नाहीत, डिलिव्हरी घ्यावीच लागते. त्या रात्री मी जागा राहिलो असतो आणि ती लाल कँडल मला दिसली असती, तरी विकता आलं नसतं. मी जे करू शकत नव्हतो, त्याच्यासाठी बनवलेलं साधन घेऊन बसलो होतो.

आपलं घड्याळ, आपली कँडल

मग करायचं काय? मुंबईच्या वेळा आपल्या गावच्या घड्याळात मांडायच्या आणि एकच प्रश्न विचारायचा: कुठली कँडल बंद होते तेव्हा किंवा झाल्यावर मी जागा आणि मोकळा असतो?

दुबईत बाजार पावणेआठ ते दुपारी दोन असतो. म्हणजे नोकरीच्या ऐन तासांत. जेवणाची सुट्टी पावणेएकच्या सुमारास असेल तर तासाची एक कँडल बरोबर तेव्हा बंद होते, आणि ती बघण्याचा मोह होतो. पण दिवसात ती एकच बघणार असाल तर वर म्हटलं तसं, तुमची खरी टाइमफ्रेम दैनिकच. शिवाय तासाच्या कँडली सव्वानऊपासून मोजल्या की शेवटी पंधराच मिनिटांचा एक तुकडा उरतो, आणि आलेखात तो इतर कँडलींच्या पंक्तीला तासभराचा असल्यासारखा बसतो. त्याच्या लहान अंगाला 'बाजार थबकला' असं वाचणारे लोक मी पाहिले आहेत.

लंडनमध्ये बाजार उन्हाळ्यात पहाटे पावणेपाच ते सकाळी अकरा असतो, हिवाळ्यात दोन्ही वेळा एक तास अलीकडे. उघडतो तेव्हा झोप, बंद होतो तेव्हा ऑफिस. संध्याकाळी घरी आल्यावर मात्र दैनिक कँडल तयार असते.

न्यू जर्सीत उन्हाळ्यात बाजार रात्री पावणेबाराला उघडतो आणि सकाळी सहाला बंद होतो. हिवाळ्यात पावणेअकरा ते पाच. आम्ही याला शाप समजायचो. नीट पाहिलं तर दैनिक कँडलसाठी यापेक्षा सोयीची जागा नाही. आपण उठतो तेव्हा ती पूर्ण झालेली असते, आणि पुढचा बाजार उघडायला सतरा-अठरा तास असतात. मी त्या सोयीकडे पाठ फिरवून रात्री जागत होतो. अमेरिकन बाजारातले शेअर घेणाऱ्यांचीही गोष्ट वेगळी नाही. साडेनऊ ते चार ही वेळ न्यू यॉर्कच्या ऑफिसचीच आहे, बैठकीत टेबलाखाली फोन बघणारे आपल्या ओळखीचे असतीलच. दैनिक कँडल त्यांनाही संध्याकाळी घरी मिळते.

माझा आताचा क्रम सांगतो. वरचाच शेअर घेऊ. उन्हाळ्याचे दिवस. मंगळवारी सकाळी सहाला त्याची कँडल बंद झाली: ५००, ५१२, ४८८, ५०३. रात्री आठला जेवण झाल्यावर मी वीस मिनिटं बसतो. आधी साप्ताहिक रेषालेख, कल कुठे आहे तेवढं बघायला. मग दैनिक कँडली. घ्यायचं ठरलं तर ५०४ ची मर्यादा घालून बाजार बंद असतानाच ऑर्डर देऊन ठेवतो. भाव त्याच्या खाली आला तर सौदा होईल, नाहीतर नाही. माझी बाहेर पडायची पातळी ४८६, मंगळवारच्या नीचांकाच्या दोन रुपये खाली.

आता किती घ्यायचे? या सौद्यात ५,००० रुपयांपेक्षा जास्त गमवायचे नाहीत असं ठरवलं आहे. ५०४ मधून ४८६ गेले, अठरा रुपये. ५,००० भागिले १८ म्हणजे २७७ शेअर. इथे थांबलो तर चूक होईल, कारण शेअर खात्यात जमा होईपर्यंत मला विकताच येत नाही, आणि नंतरही भाव रातोरात उडी मारून ४७८ वर उघडला तर ४८६ चा स्टॉप ४८६ ला लागत नाही, ४७८ च्या आसपास लागतो. २७७ शेअरवर मग ७,००० हून अधिक जातात. म्हणून मी अठराऐवजी तीस रुपयांचं अंतर धरतो आणि १६६ शेअर घेतो. मग लॅपटॉप बंद.

या तीस रुपयांतच एका नेहमीच्या आक्षेपाचं उत्तर आहे. 'दैनिक आलेखात स्टॉप फार लांब असतो, ते मोठ्या भांडवलवाल्यांचं काम,' असं लोक म्हणतात. स्टॉप लांब असतो हे खरं, पण शेअर कमी घेतले की तोट्याची मर्यादा तीच राहते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पाच मिनिटांच्या आलेखावर पैसे मिळवणारे लोक आहेतच की. आहेत. ते त्या कामाला पूर्ण दिवस देतात, त्यांचा दिवस बाजाराच्या वेळेत आहे आणि त्यांना त्याच दिवशी विकण्याची मुभा आहे. यांतली एकही गोष्ट माझ्याकडे नाही. शिवाय खंडाचा धोका इंट्राडेवाल्याला नसतो, मला असतो. ती माझ्या निवडीची किंमत आहे, म्हणून तर १६६.

दैनिक टाइमफ्रेम घेतल्याने कँडलींचे आकार भविष्य सांगू लागत नाहीत, हेही स्पष्ट करतो. मार्शल, यंग आणि रोझ या संशोधकांनी २००६ च्या एका निबंधात अमेरिकेच्या डाऊ जोन्स निर्देशांकातल्या मोठ्या शेअरवर दैनिक कँडलींचे प्रसिद्ध आकार तपासले, आणि त्यांवर आधारलेल्या सौद्यांतून फायदा होत असल्याचं त्यांना दिसलं नाही. म्हणून मी कँडलला भाकीत मानत नाही. काल भाव कुठून कुठवर फिरला याची ती नोंद आहे, आणि माझी बाहेर पडायची पातळी ठरवायला तेवढी नोंद पुरते.

आपली टाइमफ्रेम चुकते आहे हे ओळखायला नफा-तोटा बघायची गरज नाही, तो नशिबानेही बरावाईट होतो. गेल्या दहा सौद्यांच्या वेळा काढा. त्यांतले किती सौदे कँडल बंद व्हायच्या आत केले, आणि किती वेळा पुढची कँडल बंद होताना आपण झोपेत, गाडीत किंवा बैठकीत होतो, ते मोजा. माझे दहापैकी आठ निघाले होते.